जर्मनीला निघण्याआधी घर: काय ठरवायचं, काय नाही, आणि बनावट घरमालक कसा ओळखायचा

पुण्या-मुंबईहून जर्मनीला मास्टर्ससाठी निघालेल्या मुलांचा जुलै ते सप्टेंबर हा काळ धावपळीचा असतो. प्रवेशपत्र हातात आलेलं असतं, व्हिसा अडकलेला असतो, तिकिटं महाग होत असतात आणि घरचे रोज विचारत असतात, ‘राहायचं कुठे ते ठरलं का?’ बनावट घरमालकांचा धंदा याच प्रश्नावर चालतो. त्यामुळे पहिला निर्णय असा घ्यायचा की भारतात बसून वर्षभराचं घर ठरवण्याचा हट्ट धरायचा नाही. इथून दोनच गोष्टी पक्क्या करायच्या: विद्यार्थी वसतिगृहातली खोली मिळाली तर ती, आणि नाही मिळाली तर पहिल्या सहा ते आठ आठवड्यांचा तात्पुरता निवारा. कायमचं घर तिथे पोहोचून, डोळ्यांनी पाहून घ्यायचं.

घरच्यांना हे पटत नाही, कारण ‘तिथे चौदा दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो म्हणे’ ही अर्धी माहिती सगळीकडे फिरत असते. पत्त्याच्या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती दोन आठवड्यांत करायची असते हे खरं आहे. पण ते दोन आठवडे घरात राहायला गेल्या दिवसापासून मोजतात, विमानतळावर उतरल्यापासून नाही. परदेशातून आलेला माणूस हॉटेलात, प्रवाशांच्या हॉस्टेलात किंवा ओळखीच्यांकडे तात्पुरता राहत असेल, तर त्याच्यावर ही नोंदणी साधारण तीन महिन्यांनंतर बंधनकारक होते. नोंदणी लवकर झाली तर सोय होते. कर-ओळख क्रमांक पत्त्यावर येतो, काही बँका नोंदणीचा दाखला मागतात, आणि व्हिसा संपण्याआधी निवासपरवान्याचा अर्ज करायला पत्ता लागतो. मात्र पहिले काही आठवडे हॉस्टेलात काढले म्हणून कायदा मोडत नाही. एवढं घरी समजावून सांगितलं तरी घाईत पैसे पाठवण्याचं अर्धं कारण संपतं.

वसतिगृहाचा अर्ज आधी

सरकारी विद्यापीठांच्या वसतिगृहांचा मोठा भाग विद्यापीठ स्वतः चालवत नाही. ते काम त्या त्या भागातलं श्टुडिरेंडनवेर्क करतं. देशभरात अशा 57 संस्था आहेत. विद्यापीठाच्या गावाचं नाव आणि `Studierendenwerk` हा शब्द एकत्र शोधला की त्यांचं संकेतस्थळ सापडतं. अर्ज तिथेच ऑनलाइन करायचा असतो, दलालामार्फत नाही. भाडं गावागणिक बदलतं, पण बहुतेक ठिकाणी ते 250 ते 400 युरोंच्या आत असतं आणि त्यात हीटिंग, पाणी, वीज, बऱ्याचदा इंटरनेटही धरलेलं असतं.

अडचण आहे ती रांगेची. म्युनिकसारख्या शहरात काही वसतिगृहांची प्रतीक्षायादी कित्येक सत्रांची असते, पूर्वेकडच्या लहान शहरांत मात्र खोली पटकन मिळू शकते. काही श्टुडिरेंडनवेर्क प्रवेशपत्राआधीच अर्ज घेतात, काही प्रवेशपत्राशिवाय घेत नाहीत. म्हणून ज्या पाच-सहा विद्यापीठांना अर्ज केला आहे, त्या प्रत्येक गावाचा नियम एप्रिल-मेमध्येच वाचून ठेवा आणि जिथे चालतं तिथे लगेच अर्ज टाका. अर्जात एकच महागडं वसतिगृह निवडण्याऐवजी शहराबाहेरची, सामाईक स्वयंपाकघराची खोलीही चालेल असं लिहिलं तर नंबर लवकर लागण्याची शक्यता वाढते. यादीतलं नाव टिकवण्यासाठी काही ठिकाणी ठरावीक काळाने ईमेलला उत्तर द्यावं लागतं. ते ईमेल स्पॅममध्ये जातात आणि नाव गळतं. हे दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

तात्पुरत्या निवाऱ्यासाठी तीन सरळ मार्ग आहेत. युवा वसतिगृह किंवा हॉस्टेल. मोठ्या बुकिंग संकेतस्थळावरची महिन्याभराची खोली, जिथे कार्डाने पैसे जातात आणि व्हिसा लांबला तर फुकट रद्द करता येतं. किंवा त्स्विशनमीटे, म्हणजे एखादा विद्यार्थी इंटर्नशिपला जातो तेव्हा दोन-तीन महिन्यांसाठी आपली खोली दुसऱ्याला देतो ती. तिसरा मार्ग स्वस्त असतो. फसवणूकही सगळ्यात जास्त तिथेच होते.

भाड्याचा आकडा वाचायला शिका

जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचा मासिक अंदाज मिळवला की होतं वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट पुष्कळदा त्याबाहेर असतं. शिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो प्रसारण शुल्क असतं, शेअरिंगच्या घरात ते सगळ्यांत मिळून एकदाच भरायचं असतं. रिकामा फ्लॅट घेतला तर त्यात स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसू शकतो, कारण आधीचा भाडेकरू तो उचलून नेतो किंवा तुम्हाला विकू पाहतो. नवख्या विद्यार्थ्याने म्हणूनच शेअरिंगच्या घरातली खोली बघावी. अशा घराला तिकडे वे-गे म्हणतात, लिहिताना `WG`.

खोलीचा भाव शहरावर ठरतो. म्युनिकमध्ये वे-गेतल्या खोलीला 700 ते 800 युरोंच्या आसपास पडतात, केम्निट्स किंवा माग्डेबुर्गमध्ये साधारण 300 ते 350. सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992 हातात येतात. म्युनिकमध्ये खोलीचं भाडं देऊन उरतात दोनेकशे, आणि त्यातून आरोग्य विमाही भरायचा असतो. शहर निवडताना हा हिशोब कागदावर मांडून बघा.

अनामत रकमेला काउत्सिओन म्हणतात. कायद्याने ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी असते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो. पहिला हप्ता भाडेकराराचा काळ सुरू होताना द्यायचा. समजा खोलीचं काल्टमीटे 400 आणि वार्ममीटे 500 आहे. पूर्ण अनामत एकदम दिली तर पहिल्या आठवड्यात 1,200 अधिक 500, म्हणजे 1,700 युरो लागतील. हप्त्यांत दिली तर 900. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिकडचं बँक खाते उघडून जोडल्याशिवाय हातात येत नाहीत आणि आले तरी एका महिन्यात 992 च. तेव्हा निदान दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवा. हे पैसे नसले की मुलं पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी शब्दावर जातात.

दलालाचं म्हणाल तर, 2015 पासून भाड्याच्या घरात दलाली ज्याने दलाल नेमला तो देतो, आणि तो जवळजवळ नेहमी घरमालकच असतो. ‘घर दाखवण्याची फी’ किंवा ‘रजिस्ट्रेशन चार्ज’ मागणाऱ्याशी पुढे बोलू नका.

एक जाहिरात, सावकाश वाचूया

म्युनिकमधली, श्वाबिंग भागातली दोन खोल्यांची जागा. 52 चौरस मीटर, पूर्ण फर्निचर, बाल्कनी, मेट्रो चार मिनिटांवर, वार्ममीटे 590 युरो. फोटो मासिकातले असावेत तसे.

पहिला प्रश्न भावाचा. 590 ला 52 ने भागलं की चौरस मीटरला सव्वाअकरा युरोंच्या आसपास येतात, आणि तेही सगळ्या खर्चासकट. म्युनिकमध्ये नव्याने जागा घेणाऱ्याला नुसत्या काल्टमीटेचेच चौरस मीटरला 20 युरोंच्या वर मोजावे लागतात, म्हणजे हीच जागा हजाराच्या पुढे जायला हवी. फर्निचर असलेली, मोक्याची जागा निम्म्या भावात कुणी देत नाही. फसवणारे मात्र भाव फुकटाइतका खाली नेत नाहीत. ‘आपलं नशीब जोरावर आहे’ असं वाटेल इतकाच तो उतरवतात.

मेसेज टाकल्यावर दोन तासांत लांबलचक इंग्रजी ईमेल येतो. खऱ्या वे-गेला एका जाहिरातीवर शेकड्याने मेसेज येतात आणि बहुतेकांना उत्तरच मिळत नाही, इथे मात्र मालकाला सवड आहे. मजकूर ठरलेला असतो: मी इंजिनिअर, कामासाठी आयर्लंडला आलो, मुलगी म्युनिकला शिकत होती म्हणून जागा घेतली, आता रिकामी आहे, मला पैशांपेक्षा नीटनेटका भाडेकरू हवा. किल्ल्या माझ्याकडेच आहेत, त्यामुळे जागा दाखवायला कुणी नाही. तुम्ही पहिलं भाडं आणि अनामत मिळून 1,770 युरो एका ‘तटस्थ’ कंपनीकडे जमा करा, मी किल्ल्या कुरिअरने पाठवतो, दोन दिवस जागा बघा, नाही आवडली तर पैसे परत.

ही रचना हुशारीची आहे, कारण तुमचा प्रत्येक आक्षेप त्यांनी आधीच उत्तरून ठेवलाय. पण जर्मनीत भाड्याचा व्यवहार असा होत नाही. मालक परगावी असला तरी जागा दाखवायला शेजारी, सध्याचा भाडेकरू किंवा हाउसफेरवाल्टुंग, म्हणजे इमारतीचं काम बघणारी कंपनी असते. किल्ली कुरिअरने येत नाही. आणि ती तटस्थ कंपनी म्हणून जो दुवा येतो, त्यावर ओळखीच्या भाडे-संकेतस्थळाचं चिन्ह असलं तरी पत्ता वेगळा असतो. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अलीकडचे शेवटचे दोन तुकडे वाचायचे, तेच खरं नाव. `airbnb.com.booking-safe.example/pay` या पत्त्यात खरं नाव `booking-safe.example` आहे, सुरुवातीचं एअरबीएनबी नुसता मुखवटा. ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी न मारता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे तीच जागा शोधली, की बनाव उघडा पडतो.

फोटोंची उलटी शोध तपासणी, म्हणजे फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे का ते बघणं, जरूर करा, पण ती स्वच्छ निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. फोटो एखाद्या हॉटेलच्या किंवा जुन्या विक्रीच्या जाहिरातीतून कापून उलटे केलेले असले तर शोधात सापडत नाहीत. फोटोतल्या प्लगचा आकार, रेडिएटर, खिडक्यांची उघडझाप बघा. जर्मन खिडक्या आतल्या बाजूला उघडतात आणि वरून तिरक्याही होतात. वर सरकणारी इंग्लिश खिडकी असलेलं ‘म्युनिकचं घर’ कुठल्या तरी लंडनच्या जाहिरातीतून आलेलं असतं.

मग मालक विश्वास बसावा म्हणून आपल्या पासपोर्टचा फोटो पाठवतो. तो पासपोर्ट खरा असतो, फक्त त्याचा नसतो. आधीच्या कुणा गिऱ्हाइकाने ‘करारासाठी’ पाठवलेला असतो. तुम्ही आपला पाठवलात तर पुढच्या माणसाला तुमचा जाईल. म्हणून जागा बघण्याआधी पासपोर्टची प्रत कुणालाच देऊ नका. द्यावीच लागली तर प्रतीवर आडवं मोठ्या अक्षरात कुणासाठी, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहा, आणि पासपोर्ट क्रमांक झाका. आधार किंवा पॅन मागणाऱ्याला जर्मनीत त्याचा काहीच उपयोग नाही, तो दुसऱ्या कामासाठी गोळा करतोय.

आपल्याच माणसांचे गट

वर सांगितलेला आयर्लंडचा इंजिनिअर आता पुष्कळांना ठाऊक झालाय. जास्त नुकसान होतं ते व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटांत, कारण समोरचा हिंदीत, कधी मराठीतही बोलतो. ‘दादा, तीन महिने खोली रिकामी आहे, पन्नास जण मागतायत, पाचशे युरो टोकन टाक, तुझ्यासाठी धरून ठेवतो.’ टोकन ही आपल्याकडची सवय, आणि तिचाच फायदा घेतला जातो. तिकडे खोली धरून ठेवायला टोकन देण्याची रीत नाही. आधी करार, मग पैसे.

इथे माणूस खरा असू शकतो, खोलीही खरी असू शकते, आणि तीच खोली चार जणांना दिलेली असू शकते. किंवा त्याला ती द्यायचा अधिकारच नसतो. भाडेकरूला आपली खोली दुसऱ्याला द्यायला मालकाची परवानगी लागते, वसतिगृहात श्टुडिरेंडनवेर्कची. परवानगीविना राहिलात आणि कळलं तर बाहेर पडावं लागतं, पैसे परत मिळवायला कागद नसतो, आणि नोंदणीही होत नाही. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये हे दोन प्रश्न विचारा, एक परवानगीचा आणि एक नोंदणीचा:

```
Haben Sie eine schriftliche Untermieterlaubnis?
Ist die Anmeldung möglich, und bekomme ich die
Wohnungsgeberbestätigung?
```

पहिल्या ओळीत मालकाची लेखी परवानगी आहे का ते विचारलंय. दुसऱ्या प्रश्नात नोंदणी करता येईल का आणि तुम्ही तिथे राहायला आलात असा घर देणाऱ्याचा दाखला मिळेल का, हे. नोंदणीच्या कार्यालयात हा दाखला लागतोच. ‘नोंदणी नाही जमणार, पण भाडं कमी करतो’ असं उत्तर आलं तर खोली बेकायदा दिलेली असण्याची शक्यता मोठी. काही जण उलट करतात, राहायला जागा न देता नुसता दाखला दोनतीनशे युरोंना विकतात. न राहता पत्ता दाखवणं बेकायदा आहे, आणि असा पत्ता पुरवणाऱ्याला 50,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचंही नाव त्यात येतंच.

उत्तर बरं आलं तर व्हिडिओ कॉल मागा, पण आधी टिपलेली क्लिप नको. कॉल रस्त्यावरून सुरू करायला सांगा. जर्मन इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं, पत्ताही त्याच नावावर चालतो. म्हणून घर क्रमांकाची पाटी, मग घंटीच्या फलकावरचं नाव, जिना, दार, आणि आत गेल्यावर खिडकीतून दिसणारा तोच रस्ता, असं एका दमात दाखवायला सांगा. घंटीवरचं आडनाव करारातल्या नावाशी किंवा त्याने सांगितलेल्या मूळ भाडेकरूशी जुळायला हवं. जुळलं तरी हा पुरावा पुरा नाही, कारण काही भामटे चार दिवसांसाठी जागा भाड्याने घेऊन त्याच जागेचे कॉल वीस जणांना करतात. तुमच्या विद्यापीठातला कुणी सीनियर त्या गावात असेल तर त्याला अर्धा तास पाठवा. कॉलपेक्षा ते केव्हाही बरं, आणि खरा माणूस त्याला नाही म्हणत नाही. ‘मी गावाला आलोय’, ‘रूममेटला कोविड झालाय’, ‘सध्या मेट्रो बंद आहे’ अशी कारणं एकामागून एक आली की थांबायचं.

पैसे पाठवायचेच असतील तर

खासगी विद्यार्थी निवास चालवणाऱ्या कंपन्या करार ऑनलाइन करून अनामत आधी मागतात, आणि त्यात गैर काही नाही. तिथे माणसाऐवजी कंपनी तपासायची. जर्मन व्यावसायिक संकेतस्थळावर `Impressum` नावाचं पान असावंच लागतं. त्यात कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो, बहुधा `HRB` ने सुरू होणारा. तो क्रमांक `handelsregister.de` वर टाकला की नोंद फुकट पाहता येते. नाव आणि गाव जुळलं पाहिजे. खऱ्या कंपनीचं नाव चोरून तिच्या नावाने ईमेल पाठवणारेही आहेत, म्हणून ईमेलमधला फोन नंबर न वापरता, स्वतः शोधून काढलेल्या संकेतस्थळावरच्या नंबरला फोन करून ‘हा करार तुमचाच ना?’ असं विचारा. आंतरराष्ट्रीय कॉलचे पन्नासेक रुपये जातील.

खात्याचा क्रमांक म्हणजे आयबॅन. जर्मन आयबॅन `DE` ने सुरू होतो आणि 22 अक्षरांचा असतो. घर जर्मनीत आणि खातं स्पेन किंवा लिथुएनियातलं, हे संशयाचं कारण आहे. मात्र `DE` असला म्हणून खातं चोख ठरत नाही, दुसऱ्यांची खाती वापरून पैसे फिरवणारे तिथेही आहेत. ऑक्टोबर 2025 पासून युरो क्षेत्रात पैसे पाठवताना बँका खातेदाराचं नाव आयबॅनशी जुळतं का ते दाखवतात. भारतातून स्विफ्टने पाठवताना अशा तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे पोहोचून, जर्मन खातं उघडून मग अनामत भरली तर ही सोय आपसूक मिळते. वेस्टर्न युनियनची रोख, क्रिप्टो, गिफ्ट कार्ड यांपैकी काही मागितलं तर पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही.

पैसे गेलेच तर पहिले काही तास महत्त्वाचे. आपल्या बँकेत फोन करून स्विफ्ट परत मागवण्याची लेखी विनंती द्या. समोरच्या बँकेत रक्कम जमा व्हायच्या आत ती पोहोचली तरच आशा असते, म्हणून सकाळ उजाडायची वाट बघू नका. त्याच दिवशी 1930 वर फोन करून `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. जर्मनीतल्या त्या राज्याच्या पोलिसांचं ऑनलाइन तक्रार-पान असतं, त्याला ओनलाइनवाखे म्हणतात, तिथेही तक्रार करा, कारण खातं तिकडचं असेल तर ते गोठवण्याचं काम तेच करू शकतात. जाहिरात ज्या संकेतस्थळावर होती त्यांना कळवा, पण त्याआधी जाहिरातीचा, चॅटचा, ईमेलचा आणि पैसे पाठवल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाहिरात एकदा उडाली की पुरावाही उडतो. पासपोर्टची प्रत दिली असेल तर तेही तक्रारीत लिहा, म्हणजे उद्या तुमच्या नावाने कुणी घर ‘भाड्याने’ दिलं तर दाखवायला कागद राहील.